‘जमणार नाही’ हे कसं सांगायचं

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलेला विषय ऐकून एक-दोघे हसले. गणपतीत देण्याबद्दल बोलायचं असतं, तुम्ही न देण्याबद्दल काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं. पण आपल्यापैकी निम्मे लोक सरकारी नोकरीत आहेत, उरलेल्यांच्या घरात कुणीतरी आहेच, आणि गेल्या काही वर्षांत ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नव्या प्रकारचा निरोप येऊ लागला आहे. सोबत काम करणाऱ्याच्या घरी आजारपण येतं, दवाखान्याचा आकडा मोठा असतो, आणि तो एका वेबसाइटवर आवाहन उघडून त्याची लिंक पाठवतो. त्या लिंकला काय उत्तर द्यायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

वर्गणीची रीत आपल्याला ठाऊक आहे. लोकमान्यांनी 1893 साली गणपती चौकात आणला तेव्हापासून पावतीपुस्तक आपल्या ओळखीचं आहे. मुलं दारात येतात, गेल्या वर्षी किती दिले ते पाहतात, आपण पन्नास-शंभर वाढवतो, पावती फाटते, झालं. आपल्या शेजारी केसलापूरला नागोबाचं नवं मंदिर मेस्राम मंडळींनी आपसांत वर्गणी काढून उभं केलं. तिथेही कुणी किती द्यायचं ते बसून ठरलेलं होतं. वर्गणीत आकडा आधी ठरतो आणि सगळ्यांसाठी रीत एक असते. न देणारा फार तर चिकट ठरतो, त्याने कुणाचं दुःख नाकारलं असं होत नाही.

लिंकचं तसं नाही. तिथे आकडा आपणच ठरवायचा असतो आणि समोर फोटो असतो, बहुतेक वेळा नळ्या लावलेला. खाली देणाऱ्यांची यादी दिसते, कुणी किती दिले त्यासह. ही पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. बंगळूरचं ‘मिलाप’ 2010 साली सुरू झालं, मुंबईचं ‘केटो’ 2012 साली. 2021 साली मुंबईतल्या एका बाळाला मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजारावर 16 कोटींचं इंजेक्शन हवं होतं. ती रक्कम अशी लोकांतून जमली आणि केंद्र सरकारने आयात शुल्क माफ केलं. त्याच वर्षी हैदराबादच्या एका बाळासाठीही तसेच पैसे जमले. त्या बातम्या घरोघरी पोचल्या आणि लिंक टाकली की देशभरातून पैसा येतो असा समज झाला. आमचा अनुभव वेगळा आहे. आपल्या उटनूर-आदिलाबादकडून निघालेली लिंक फिरते ती ऑफिस, नातेवाईक आणि शाळासोबती एवढ्याच वर्तुळात. तिचा सगळा भार ओळखीच्या साठ-सत्तर माणसांवर येतो, आणि त्यांतलेच आपण एक असतो.

म्हणून नकाराचा प्रश्न आपल्याला टळत नाही. दहा लिंका आल्या तर दहाही ठिकाणी देणं ज्याच्या हातात नियमित पगार येतो त्यालाही शक्य नाही. घराचा हप्ता, पोरांची फी, गावाकडचे आई-वडील, दर महिन्याची चिट्टी, हे जाऊन उरतं त्यात एका वर्षात तीन आवाहनांना प्रत्येकी दोन हजार दिले तर सहा हजार झाले. चौथ्याला नाही म्हणावंच लागतं, आणि तो चौथा पहिल्या तिघांपेक्षा कमी गरजू असतो असं नाही.

एक उदाहरण घेऊन बोलू. समजा, आपल्या ऑफिसातला सीनियर असिस्टंट आहे, आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, तेलुगू घरचा, आपण त्याला अन्ना म्हणतो. त्याच्या पुतण्याचा मोटरसायकलवर अपघात झाला, डोक्याला मार लागला, हैदराबादच्या खासगी दवाखान्यात आयसीयूत आहे. आवाहन आठ लाखांचं. सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर लिंक आली. दुपारी तीच लिंक आपल्याला वेगळी आली, वर ‘तम्मुडू, कोंचेम चूडू’ असं लिहून. भावा, जरा बघ.

यात दोन निरोप आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत. ग्रुपवरची लिंक सगळ्यांना आहे, तिला ग्रुपवर उत्तर द्यायची गरज नसते. हात जोडल्याचं चिन्ह टाकायची आपल्याला सवय आहे. आमच्या मते ते टाकू नये. टाकणाऱ्याला वाटतं सहानुभूती कळवली, वाचणाऱ्याला वाटतं हा देणार. नकार तर ग्रुपवर मुळीच लिहू नये, कितीही गोड भाषेत लिहिला तरी. एकाने लिहिला की दुसऱ्याला लिहायला धीर येतो, आणि त्या माणसाला चाळीस जणांसमोर एकामागून एक ‘सॉरी सर’ वाचावे लागतात.

दुपारचा निरोप मात्र आपल्या नावाने आला आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवं, आणि एका दिवसाच्या आत. निळ्या खुणा दिसतात, आपण वाचलंय हे त्याला कळतं. नाही कळवायलाही मान लागतो, गप्प बसण्यात तो राहत नाही.

आता आपली खरी अडचण. आपल्या मराठी माणसाचं ठरलेलं उत्तर आहे ‘बघतो’. तेलुगूत त्यालाच ‘चूद्दां’ म्हणतात, म्हणजे या बाबतीत आपण आणि शेजारी सारखेच. ‘बघतो’ म्हणताना आपल्याला वाटतं की नकार दिला आणि मनही राखलं. समोरचा माणूस तो होकार धरतो. दवाखान्यात रोज किती भरायचे याचा हिशोब करताना तो मनात आपल्या नावापुढे आकडा मांडतो. दोन दिवसांनी पुन्हा विचारतो, आपण ‘पगार झाला की’ म्हणतो. एक तारीख येते आणि पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारताना त्याला लाज वाटू लागते. आपण नाही न म्हणता त्याला चारदा मागायला लावलं. शिवाय ज्याच्याकडून खरंच मिळाले असते अशा माणसाकडे जायचे दिवस त्यात गेले. म्हणून आमचं म्हणणं, द्यायचं नसेल तर ‘बघतो’ हा शब्द तोंडातून काढूच नये. नक्की देणार असाल पण आज नाही, तर तारीख आणि आकडा सांगा: ‘पाच तारखेला दोन हजार पाठवतो.’ तो होकार झाला.

दुसरी चूक म्हणजे खोटं कारण. ‘सध्या हातात काहीच नाही’ असं आपण लिहितो आणि पुढच्या रविवारी तिरुपतीचे फोटो स्टेटसला जातात. इंद्रवेल्ली केवढी? बाजारात नवा फ्रीज उतरवला तर संध्याकाळपर्यंत ऑफिसला कळतं. कारण सांगितलं की ते खरं-खोटं करता येतं. ‘जमणार नाही’ हे खोटं ठरवता येत नाही, कारण त्यात आपल्या खिशाबद्दल काही सांगितलेलंच नसतं. कारण मोठं असलं की वादालाही जागा होते. ‘मुलाची फी भरायची आहे’ म्हटलं तर त्याला फी आणि पुतण्याचा जीव यांची तुलना करावीशी वाटते, आणि त्या तुलनेत आपण हरणारच.

भाषेची एक गंमत इथे कामाला येते. मराठीत ‘देणार नाही’ आणि ‘देऊ शकत नाही’ यांत मोठा फरक आहे. तेलुगूतही ‘इव्वनु’ म्हणजे देणार नाही, ‘इव्वलेनु’ म्हणजे देऊ शकत नाही. ‘इव्वनु’ तोंडावर मारल्यासारखं लागतं. ‘इव्वलेकपोतुन्नानु’ म्हटलं की देता येत नाहीये असा सूर येतो आणि त्यात खंतही येते. आपल्याला दोन्ही भाषा येतात. अन्नाशी घरच्या तेलुगूत बोलावं. या वेळी इंग्रजीत लिहू नये. इंग्रजीतला नकार बँकेच्या पत्रासारखा दिसतो.

मग लिहायचं काय? आमच्या मते चार ओळी पुरतात. मराठी सहकारी असता तर असं लिहिलं असतं:

‘दादा, निरोप वाचला. बाळूचं ऐकून फार वाईट वाटलं, आयसीयूतून केव्हा हलवणार म्हणतात? या वेळी पैशाचं माझ्याकडून जमणार नाही, तुम्ही माझ्यावर धरून बसू नये म्हणून आजच सांगतोय. सोमवार ते बुधवार तुमच्या टेबलाचं काम मी पाहतो, साहेबांशी बोलून ठेवतो.’

बाळू हे नाव आपलं उदाहरणापुरतं. आधी रोग्याची चौकशी आहे, तीही नावाने. ‘तुमचा पेशंट’ म्हणून नाही. मग एका वाक्यात नकार. त्यात ‘पण’ नाही, हे पाहून ठेवा. ‘खूप वाईट वाटलं, पण’ असं लिहिलं की पहिल्या अर्ध्या वाक्याचं मोल जातं. ‘या वेळी’ आहे, म्हणजे माणसालाच नाही म्हटलेलं नाही. आजच का सांगतोय तेही आहे, म्हणजे त्याचा हिशोब चुकू नये. शेवटी एक काम आहे, ज्याला दिवस ठरलेले आहेत. जवळचा माणूस असेल तर हेच फोनवर सांगावं, फोन संध्याकाळी करावा, डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेला नको. मोठ्या बाई सहकारी असतील तर ‘मॅडम’ म्हणून, आणि शक्य तर घरच्यांनी वहिनींशी बोललेलं बरं. बायका हे आपल्यापेक्षा चांगलं सांगतात असा आमचा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टी लिहू नयेत. पहिली, ‘विमा काढला नव्हता का?’ दुसरी, ‘हेल्मेट घातलं नव्हतं का?’ तिसरी, ‘सरकारी दवाखान्यात का नाही नेलं?’ हे प्रश्न बरोबर असतील, पण पैसे न देणाऱ्याच्या तोंडून ते आले की आवाहनच चुकीचं होतं असा त्यांचा अर्थ होतो. तसंच एस्टिमेट मागणं. देणाऱ्याने एस्टिमेट जरूर पाहावं, दवाखान्याचं नाव, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात की कुणाच्या वैयक्तिक खात्यात, हे सगळं पाहावं. पण न देण्याचं ठरलं असेल तर कागद मागू नये. कागद मागितला की समोरचा धावपळीतून तो शोधून पाठवतो, आणि मग आपण नाही म्हणतो. त्याने परीक्षा दिली आणि नापास झाला, असं त्याला वाटतं. शंका असेल तर तिसऱ्या ओळखीच्या माणसाकडून गुपचूप खात्री करा. खात्री झाली नाही तरी नकाराचं वाक्य तेच ठेवा, शंका त्यात मिसळू नका.

सरकारी नोकरांसाठी एक खास मोह असतो तो नियमाचा. 1964 च्या आपल्या आचरण नियमांत परवानगीशिवाय वर्गणी गोळा करण्यावर बंधन आहे, हे खातेनिहाय परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना पाठ असतं. तो नियम मुख्यतः खुर्चीचा दाब वापरून हाताखालच्यांकडून पैसे काढले जाऊ नयेत म्हणून आहे. वरिष्ठ स्वतःच्या घरच्या कारणासाठी ग्रुपवर लिंक टाकत असेल तर तो आठवावा, आणि तोही मनात. आयसीयूबाहेर बसलेल्या अन्नाला नियम ऐकवणं हे न देण्यापेक्षा वाईट. ‘यावर 80जीची सूट नाही मिळत’ हेही तसंच. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर ती सूट नसते हे खरं, ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. पण पुतण्याच्या डोक्याच्या ऑपरेशनच्या निरोपाला इन्कम टॅक्सचं उत्तर देणारा माणूस ऑफिसात पुढची दहा वर्षं त्याच नावाने ओळखला जाईल.

‘मग शंभर रुपये टाकून मोकळं व्हावं की नाही?’ हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. आमचं मत असं की शंभर रुपये मनापासून असतील तर जरूर टाकावेत, बहुतेक ठिकाणी नाव लपवायची सोय असते ती वापरावी. पण नकार टाळायला म्हणून टाकू नयेत. यादीत सुपरिंटेंडेंटसाहेबांपुढे शंभर दिसले की ते नकारापेक्षा जास्त बोलतात, आणि ते पुसता येत नाहीत. टाकायचेच असतील तर पैसे भरताना शेवटचा आकडा नीट पाहावा. काही वेबसाइटवर ‘टिप’ म्हणून काही टक्के आधीच जोडलेले असतात. ते वेबसाइटकडे जातात, रोग्याकडे नाही, आणि ते शून्यावर आणता येतात.

आपल्या उदाहरणात अन्नाचं पुढचं उत्तर ठरलेलं आहे: ‘परवा लेदु तम्मुडू, निदान शेअर तरी कर.’ काही हरकत नाही म्हणून झालं, आणि वर एक लहान मागणी. हे सोपं वाटतं म्हणून आपण लगेच हो म्हणतो. पण आपल्या गावच्या ग्रुपवर लिंक टाकली की लोक आपल्याला विचारणार, माणूस खरा आहे ना, तू किती दिले? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर शेअर करू नये. तेही तितक्याच साधेपणाने सांगावं: ‘ग्रुपवर नको अन्ना, ज्यांना जमण्यासारखं आहे अशा दोघांशी मी स्वतः बोलतो.’ आणि मग त्या दोघांशी बोलावं, त्याच दिवशी.

नकारानंतर करायला काय उरतं, यावर आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण पैशापेक्षा जास्त किमतीचं काही बहुतेक वेळा इथेच असतं. मदत देऊ करताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नये. त्याने काय सांगायचं? एकच काम निवडावं, जे आपल्याला येतं आणि आपण नक्की करू. आपल्यासारख्या कागदांत आयुष्य गेलेल्या लोकांना येतं ते कागदाचं काम. अन्ना स्वतः कर्मचारी आहे, पण पुतण्या त्याच्या आरोग्य योजनेत अवलंबित म्हणून बसत नाही. पुतण्याच्या घरी रेशनकार्ड असेल तर आरोग्यश्री आहे का, हे पहिल्या दिवशी पाहायचं. तिची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये 10 लाखांची झाली, पण दवाखाना योजनेतला हवा आणि तो उपचारही यादीत हवा. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारायचं. घाईत रोग्याला भलत्याच दवाखान्यात नेलं जातं, आणि आठ लाखांचं आवाहन अनेकदा तिथून सुरू होतं.

तिथे जमलं नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्याचे दोन रस्ते आहेत. उपचार आधी निम्ससारख्या दवाखान्यात करायचे असतील तर एलओसी, म्हणजे सरकारने दवाखान्याला आधीच दिलेली हमी. खासगी दवाखान्यात खर्च होऊन गेला असेल तर बिलं लावून परताव्याचा अर्ज. हा अर्ज बहुधा आमदारांच्या कार्यालयातून जातो आणि जुलै 2024 पासून ऑनलाइन भरला जातो. इथे नेहमी बिघडतं ते एकाच ठिकाणी: मूळ बिलं. औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठ्या थर्मल कागदाच्या असतात, महिन्याभरात पुसट होतात. रोग्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार आणि डिस्चार्ज समरीत फरक असतो. मूळ बिलं कुणीतरी दुसऱ्याच मदतीसाठी देऊन टाकलेली असतात. हे सगळं आयसीयूबाहेरच्या माणसाला सुचत नाही. एक फाइल करून द्यायची, पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल तारखेवार लावायचं, चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढायची, दाखल करताना आधारवरचं स्पेलिंग नोंदवलं का ते विचारायचं, बँक पासबुकाचं पहिलं पान जोडायचं. एका संध्याकाळचं काम आहे, मग आठवड्याला अर्धा तास. निधीतून संपूर्ण खर्च निघत नाही, एक भाग निघतो, आणि चेक यायला महिने लागतात, हेही आधी सांगून ठेवायचं, नाहीतर आपणच त्याला खोटी आशा दाखवली असं होईल.

हे काम देऊ करताना ते पैशाच्या बदल्यात आहे असा सूर लागू देऊ नका. ‘पैसे नाही देऊ शकत म्हणून निदान हे’ असं म्हणू नये. पैशाचं वाक्य संपलं, ते पुन्हा काढायचं नाही. फाइलचं काम वेगळं, दुसऱ्या दिवशी सुचवलं तरी चालेल. आणि त्याने नको म्हटलं तर तिथेच थांबायचं. कुणाला आपल्या घरचे कागद ऑफिसच्या माणसाने पाहायला नको असतात, तोही त्याचा मान आहे.

पुढच्या दिवसांत आपण त्याला टाळायला लागतो. नकार देणारा माणूस शरमेने दुसऱ्या टेबलावर चहाला जातो, आणि अन्नाला वाटतं याला आपण मागितल्याचा राग आला. टाळू नये. तो परत कामावर येईल त्या दिवशी आधी आपणच उठून जावं, पुतण्याचं विचारावं, चहा सांगावा. पैशाचा विषय आपण काढायचा नाही, पुन्हा माफी मागायची नाही. वाईट घडलं असेल, तर दहाव्याला गावी जावं. तिथे फुलांसोबत पाकीट ठेवायची पद्धत असेल तर ठेवावं, आधी नाही म्हटलं होतं म्हणून हात आखडू नये.

राहिला प्रश्न वर्षभराचा. आमच्या घरी आम्ही दसऱ्याला बसतो आणि वर्षाला आवाहनांसाठी किती ठेवायचे ते ठरवतो, यंदा सहा हजार आहेत. ते संपले की वर्षापुरतं संपलं. हे अन्नाला मात्र सांगायचं नाही. ‘आमचं यंदाचं संपलं’ म्हटलं की कुणाला तरी दिले आणि मला नाही, एवढंच ऐकू जातं. ‘आम्ही ऑनलाइन कुणालाच देत नाही’ हेही तेव्हाच म्हणावं जेव्हा खरोखर कुणालाच देत नाही. यादीत नाव शोधायला एक मिनिट लागतं.

मंडळाने कार्यालयातली टेबलं-खुर्च्या या आठवड्यात दिली आहेत, तर एक सुचवावंसं वाटतं. अनंत चतुर्दशीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही आणि आणखी दोघे इथेच बसू. आरोग्यश्री, सहाय्यता निधी, जीपीएफचा ॲडव्हान्स, ज्याचे जे कागद असतील ते घेऊन या. मूळ बिलं आणू नका, झेरॉक्स आणा, मूळ घरी फाइलला लावून ठेवा.